पहिला व्हिडिओ यूट्यूबवर टाकताना: नाव, थंबनेल आणि तो कोणाला दिसणार

कर्वेनगरला आमच्या शेजारच्या काकू गणपतीच्या आधी उकडीच्या मोदकांचा क्लास घेतात. क्लासच्या बायकांना घरी पुन्हा बघता यावं म्हणून आठ मिनिटांचा व्हिडिओ आम्ही त्यांच्याच फोनवरून यूट्यूबवर टाकला.

आधी youtube.com/verify वर जाऊन मोबाइल नंबरवर आलेला कोड टाका. त्याशिवाय 15 मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही आणि थंबनेल, म्हणजे यादीत व्हिडिओसाठी दिसणारं चित्र, स्वतःचं लावता येत नाही. मग ॲपमध्ये खालचं अधिकचं चिन्ह दाबून गॅलरीतला व्हिडिओ निवडायचा.

नावाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर लांब नावाचा शेवट कापला जातो. काकूंनी आधी ‘आमच्या क्लासमधील पारंपरिक उकडीचे मोदक’ असं लिहिलं होतं. शिकणारीला अडतं ते पारीपाशी, म्हणून आम्ही नाव बदललं: ‘मोदकाची पारी फाटू नये म्हणून काय करावं’. नेमका प्रश्न नावात आला की व्हिडिओ कशाचा आहे ते लगेच कळतं.

थंबनेल बदलायला त्या चित्रावरच्या पेन्सिलवर टॅप करायचं. फोटो आडवा, 16:9 मापाचा घ्या. 1280 बाय 720 पिक्सेल पुरतात. यादीत तो अगदी छोटा दिसतो, त्यामुळे ताटभर मोदकांपेक्षा बोटांनी कळ्या पाडतानाचा जवळून घेतलेला एकच मोदक चांगला उठून दिसला. उजव्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची वेळ येते, तिथे अक्षरं नकोत.

सगळ्यात जास्त विचार Visibility चा, म्हणजे व्हिडिओ कोणाला दिसणार याचा करा. Public म्हणजे शोधणाऱ्या कोणालाही दिसणार. Private म्हणजे तुम्ही आणि ईमेल घालून बोलावलेली माणसं, तीही गूगल खात्यात लॉगइन असतील तरच. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी तेवढा खटाटोप कोण करणार? Unlisted व्हिडिओ शोधून सापडत नाही, लिंक असलेल्याला मात्र लगेच उघडतो. पण ती लिंक कोणीही पुढे पाठवू शकतं. त्यामुळे घरचा पत्ता, मुलांचे चेहरे किंवा फोन नंबर दिसत असेल तर Unlisted वर भिस्त ठेवू नका. लिंक बाहेर गेलीच, तर व्हिडिओ Private करा. मग ती बाहेरच्यांसाठी बंद होते.

‘मुलांसाठी बनवला आहे का’ हा प्रश्नही येतो. मोदकाच्या व्हिडिओला ‘नाही’ म्हणायचं. ‘हो’ म्हटलं तर कमेंट बंद होतात.

माझा आग्रह असा, की आधी Private ठेवूनच चढवा. सुरुवातीला चित्र धूसर दिसलं तर घाबरू नका, चांगल्या दर्जाची प्रत तयार व्हायला वेळ लागतो. ती आली की पूर्ण व्हिडिओ आवाजासकट बघा, मग Unlisted करा. शेवटी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, लॉगइन न करता लिंक उघडा. तिथे व्हिडिओ चालला, तर ग्रुपवरच्या बायकांनाही दिसेल.