लोकलमध्ये एका नजरेत वेळ कळेल असं घड्याळ

ठाण्याहून सकाळची लोकल पकडली की एक हात वरच्या कडीला, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ तिरकं दिसतं, आणि नुसत्या रेघा असलेली डायल असेल तर बारा नक्की कुठे तेच पटकन कळत नाही. पायलट घड्याळात बाराच्या जागी त्रिकोण आणि बाजूला दोन ठिपके असतात ते याचसाठी, वरची बाजू लगेच कळावी म्हणून. पण साइज बघून घ्या, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पायलट घड्याळं 55 मिमीची होती कारण ती जाड जॅकेटच्या बाहीवरून बांधायची, आपल्याला रोजसाठी 38-40 पुरे. दुकानात हात लांब करून, तिरका धरून बघा, मिनिटकाटा कडेच्या खुणांपर्यंत पोचत नसेल तर मिनिटं अंदाजानेच वाचावी लागतात, ते घड्याळ सोडा.