मेल फॉरवर्ड करताय? या चुका टाळा

नुसतं ‘एफवायआय’ किंवा ‘प्लीज सी बिलो’ लिहून मेल पुढे ढकलणारी माणसं मला प्रत्येक ऑफिसात भेटली आहेत. एफवायआय लिहिलेली मेल माणूस वरवर वाचतो आणि बाजूला ठेवतो. त्यात त्याची काहीच चूक नसते. काम करून हवं असेल तर वर काम लिहा.

अंधेरीच्या एका आयात कंपनीत असताना पाहिलेलं सांगतो. न्हावाशेवाला आमचा कंटेनर येणार होता. कस्टम्सच्या एजंटने गुरुवारी संध्याकाळी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाच्या घोषणापत्राची, चेकलिस्ट पाठवली. मालाचं वर्णन, एचएसएन कोड, किंमत बरोबर आहे ना, हे आयातदाराने तपासून होकार दिला की मग एजंट बिल ऑफ एंट्री कस्टम्सकडे भरतो. मेलच्या पार तळाशी ओळ होती: ‘दुसऱ्या आयटमचा कोड तपासा, उद्या दुपारी 12 पर्यंत मंजुरी द्या.’ एका नव्या मुलाने शुक्रवारी सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या ती मेल परचेस आणि अकाउंट्स अशी दोघांनाही पाठवली. वर फक्त ‘एफवायआय प्लीज’.

परचेसच्या मॅडमना वाटलं, ड्यूटीचा विषय आहे, अकाउंट्स बघेल. अकाउंट्सच्या साहेबांना वाटलं, कोड तर परचेसच बघतं. त्यात साहेबांनी मेल शुक्रवारी वाचली, म्हणून ‘उद्या’ म्हणजे शनिवार धरला, आणि शनिवारी ऑफिस बंद. मंजुरी गेली सोमवारी. बिल ऑफ एंट्री उशिरा भरली गेली आणि दंड लागला. तेव्हा तो पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि त्यापुढे रोज 10,000 असा होता. मेल सगळ्यांकडे वेळेत पोचली होती, तरीही हे झालं.

त्या मेलवर एवढंच हवं होतं:

> मॅडम, आज शुक्रवारी दुपारी 12 च्या आत या चेकलिस्टला तुमची मंजुरी हवी आहे.
> दुसऱ्या आयटमचा एचएसएन कोड एजंटला शंकास्पद वाटतोय, तो आपल्या इन्व्हॉइसशी ताडून बघा. बाकीचे आकडे मी तपासलेत.
> उत्तर थेट एजंटला द्या, मला सीसीत ठेवा.
> अकाउंट्सच्या साहेबांना फक्त माहितीसाठी सीसी केलंय, त्यांनी काही करायचं नाही.

काम आणि मुदत पहिल्याच ओळीत आहे, कारण मोबाइलवर मेल न उघडता तेवढंच दिसतं. ‘उद्या’चा वार झालाय. काम एकाच माणसाच्या गळ्यात आहे. दोघांना ‘टू’मध्ये टाकलं की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. आणि खाली काय शोधायचं ते सांगितलंय, त्यामुळे मॅडमना अख्खी ट्रेल खालून वर चाळावी लागत नाही. ‘बाकीचे आकडे मी तपासलेत’ हे मात्र खरोखर तपासले असतील तरच लिहायचं.

माझी पद्धत ठरलेली आहे. ट्रेल तळापासून वाचतो, मग टीप लिहितो आणि ‘टू’मधला पत्ता सगळ्यात शेवटी भरतो. पत्ता रिकामा असला की अर्धवट मेल चुकून जात नाही. नवीन मुलांना हे वेळखाऊ वाटतं. पण टीप लिहिण्याइतका वेळ हाताशी नसेल तर ती मेल स्टेशनवर उतरून पाठवा, गाडीत नको.

दुसरी चूक याहून महाग पडू शकते: आतली चर्चा बाहेर जाणं. व्हेंडरला ड्रॉइंग पाठवायचं म्हणून मेल फॉरवर्ड होते आणि तिच्याच पोटात ‘यांना आणखी पाच टक्के वाढवून दिले तरी चालतील’ हा आपल्याच साहेबांचा निरोप असतो. जीमेलमध्ये जुनी ट्रेल तीन टिंबांमागे लपलेली असते, त्यामुळे ती नाहीच असं वाटतं. ती टिंबं उघडा आणि नको त्या मेल पूर्ण काढून टाका. दुसऱ्याच्या मेलमधलं एखादं वाक्य मात्र मध्येच खोडू नका. त्याच्या नावावर त्याने न लिहिलेला मजकूर उभा राहतो. बाहेरच्यांसाठी मी शक्यतो नवीन मेलच करतो आणि फाइल नव्याने जोडतो.

फाइलचं आणखी एक. रिप्लाय केला की मूळ अटॅचमेंट सोबत जात नाही, फॉरवर्ड केली की जाते. पण ती त्या एका मेलचीच. फाइल आधीच्या मेलला जोडलेली असेल आणि तुम्ही शेवटचं उत्तर पुढे पाठवलंत, तर खाली ‘सोबत जोडली आहे’ असं वाचायला मिळतं आणि फाइल नसते. टीपेत फाइलचं नाव लिहायची सवय ठेवा, लिहिताना आपसूक नजर जोडलेल्या फाइलकडे जाते.

विषयात `Fwd: Re: Re: Fwd:` ची माळ तशीच ठेवू नका. ‘चेकलिस्ट मंजुरी – शुक्रवार दुपारी 12’ असं लिहा. जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण वेगळं होतं, म्हणून एजंटचा जॉब नंबर तेवढा विषयात राहू द्या; नंतर शोधताना तोच टाइप करावा लागतो.