‘जमल्यास’ खोडलं

माहितीपत्रकाचा मजकूर ग्राहकाकडून 8 दिवस आला नव्हता. वैतागून मेल लिहिला: “तुम्ही मजकूर दिला नाहीत. 20 तारखेला छपाई होणार नाही. लवकर पाठवा.” पाठवायच्या आधी मोठ्याने वाचला, तर चक्क दटावणी वाटली.

पहिल्या फेरीत मी नको तितका मऊ झालो. “आपणांस जमल्यास कृपया…” असं लिहिलं. पण ‘जमल्यास’ म्हटलं की तारीखच ऐच्छिक होते. शिवाय एरवी आम्ही ‘तुम्ही’वर बोलतो, अचानक ‘आपण’ आलं की रुसल्यासारखं वाटतं.

मग दोनच गोष्टी बदलल्या. ‘तुम्ही दिला नाहीत’मधला ‘तुम्ही’ काढून मजकुरालाच कर्ता केलं. ‘लवकर’च्या जागी वार, वेळ आणि कारण घातलं:

“नमस्कार सर, पान 3 आणि 4 चा मजकूर अजून मिळालेला नाही. मांडणी आणि मुद्रितशोधनाला 4 दिवस लागतात. गुरुवारी संध्याकाळी 5 पर्यंत मजकूर आला, तर 20 तारीख पाळता येईल. नाहीतर छपाई 24 ला जाईल. काही अडलं असेल तर फोन करा, दोन्ही पानं बोलून पक्की करू.”

‘24 ला जाईल’ मुद्दाम तसंच ठेवलं. फोन दुपारीच आला: पान 4 वरचे दर ठरले नव्हते.