'चूक की बरोबर' तपासताना: नुसतं 'नाही' घालून आलेल्या दुरुस्तीला किती मार्क?

नव्याने शाळेत लागलेल्यांसाठी लिहितोय, म्हणजे टाचण, घटक चाचणी वगैरे सगळं माहितीये असं धरून चालतो. 'चूक की बरोबर ते लिहा, चूक असल्यास वाक्य स्वतःच्या शब्दांत दुरुस्त करा' ही वर्कशीट स्टाफरूममध्ये सगळ्यांना सोपी वाटते, अर्ध्या तासात गठ्ठा संपेल म्हणतात. नाही संपत. नुसतं चूक-बरोबर पटापट तपासून होतं, सगळा वेळ दुरुस्ती खाते. त्यातही एकाच प्रकारचं उत्तर तुम्हाला दर दुसऱ्या पेपरात अडवणार, ते म्हणजे मूळ वाक्यात नुसतं 'नाही' घालून आलेलं. मीही इथेच अडकलो होतो म्हणून यावर जरा जास्तच लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधी मार्कांची वाटणी. समजा वर्कशीटमध्ये ८ वाक्यं आहेत, ३ बरोबर आणि ५ चूक. चूक-बरोबर ओळखायला १ मार्क आणि दुरुस्तीला २ ठेवलेत तर एकूण १८ होतात. आता ज्या पोराने काहीच न वाचता आठही ठिकाणी 'चूक' लिहिलं त्याला बसल्या जागी ५ मिळाले, म्हणजे जवळपास २८ टक्के. म्हणून मी ओळखायला अर्धाच मार्क ठेवतो. एकूण १४ होतात आणि त्याच पोराला अडीच मिळतात. अंदाजाचे मार्क पूर्ण बंद होत नाहीत, होणारही नाहीत, पण दुरुस्तीपुढे ते फिके पडतात आणि एवढं पुरे आहे.

आता मुख्य भानगड. खगोलातलं नेहमीचं वाक्य घ्या: 'अमावस्येला चंद्र पृथ्वीच्या सावलीत येतो म्हणून दिसत नाही.' चूक आहे. पोरं काय काय लिहितात बघा.

पहिला लिहितो, 'अमावस्येला चंद्र पृथ्वीच्या सावलीत येत नाही.' वाक्य खरंच आहे, म्हणून हात टिक मारायला जातो. थांबा. त्याने यात नवीन काय सांगितलं? वाक्य चूक आहे हे त्याने आधीच लिहिलंय आणि त्याचा अर्धा मार्क घेतलाय, आता तेच परत लांब करून लिहिलंय. चंद्र मग का दिसत नाही हे कुठेच आलेलं नाही. दुरुस्तीला ०.

दुसरी लिहिते, 'पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सावलीत येतो.' हे घाईत पटकन पास होतं, कारण ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण दर पौर्णिमेला असं होत नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. शिवाय प्रश्न अमावस्येचा होता, तिने तो शब्दच बदलून टाकला. हेही ०. तिसरा लिहितो, 'चंद्र पृथ्वीच्या सावलीत आला तर चंद्रग्रहण होतं, अमावस्या नाही.' याला मी १ देतो, कारण सावलीचं खरं काम त्याला कळलंय, फक्त अमावस्येचं कारण राहिलंय.

आणि एकाने लिहिलं, 'आवसला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, उजेड पडलेली बाजू तिकडं राहती, आपल्याकडं अंधारी बाजू येती.' पूर्ण २. बोली भाषा, ऱ्हस्व-दीर्घ, काही बघायचं नाही, स्वतःचे शब्द मागितलेत ना, मग हे त्याचे स्वतःचे शब्द आहेत. इथे लाल पेन चालवणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, वरून प्रमाणभाषाही हवी असेल तर सूचनेत तसं छापा.

आता उलटी बाजू, आणि खरी मेख इथेच आहे. त्याच वर्कशीटमध्ये खाली वाक्य होतं, 'ध्वनी निर्वात पोकळीतून प्रवास करतो.' पोरगं लिहितं, 'ध्वनी निर्वात पोकळीतून प्रवास करत नाही.' वरच्या नियमाने याला ० द्यायला गेलात तर अन्याय होतो, कारण इथे 'नाही' हीच पूर्ण दुरुस्ती आहे. सांगण्यासारखं दुसरं काही वाक्यात उरतच नाही. 'माध्यम लागतं' हे लिहायला हवं होतं म्हणाल, पण तुम्ही कारण विचारलेलंच नाही! दोष वाक्य काढणाऱ्याचा, मार्क मात्र पोराचे कापले जातात. त्यामुळे छापायच्या आधी प्रत्येक चूक वाक्यात स्वतः 'नाही' घालून बघायचं. तेवढ्याने माहिती पूर्ण होत असेल तर वाक्य बदला. 'ध्वनीचा वेग निर्वात पोकळीत सगळ्यात जास्त असतो' असं केलं की पोराला काहीतरी सांगावंच लागतं. छापून वाटून झालं असेल तर मुकाट्याने २ द्या. 'सगळे धातू खोलीच्या तापमानाला स्थायू असतात' यासारखी वाक्यं अधलीमधली. 'सगळे नसतात' एवढ्याला १, पारा द्रव असतो हे लिहिलं की २. असं प्रत्येक वाक्यापुढे तपासायला बसण्याआधी लिहून ठेवा, विसाव्या पेपरला ठरवू नका.

पुस्तकातून उतरवलेलं कसं ओळखायचं? शब्द जुळले म्हणून संशय घेऊ नका. 'निर्वात', 'कक्षा' हे शब्द कोणीही तेच वापरणार, त्यांना दुसरे शब्द कुठून आणायचे. वाक्यात न विचारलेलं काय आलंय ते बघा. एका पेपरात दुरुस्तीच्या शेवटी चक्क 'आकृती पाहा' होतं, वर्कशीटवर आकृती नव्हतीच. अशाला मी १ देतो, माहिती बरोबर असल्याचा, आणि त्या पोराला तोंडी विचारतो. नीट सांगितलं तर दुसराही देतो.

गाईडच्या उत्तरसूचीशी ताडून टिक मारत जा, असं सांगणारे सीनियर भेटतील. चांगली माणसं असतात, पण याबाबतीत त्यांचं ऐकू नका. सूचीत एकच वाक्य असतं, आणि आवसवालं पोरगं त्यात बसतच नाही.

तपासताना एकेक पेपर पूर्ण करू नका. सगळ्या वर्गाचं वाक्य १ तपासा, मग सगळ्यांचं २. पानं उलटण्यात हात दुखतो, पण पहिल्या आणि चाळिसाव्या पोराला एकच माप लागतं. खरं वाक्य 'चूक' म्हणून दुरुस्त केलं असेल तर तिथे ०, वजा काही नाही. 'बरोबर' लिहून पुढे अचूक दुरुस्तीही केली असेल तर अर्धा मार्क जातो, दुरुस्तीचे मी देतो. काही जण देत नाहीत, चालतं, फक्त दोन्ही तुकड्यांना एकच नियम हवा. त्यासाठी दुसऱ्या तुकडीच्या सरांशी किंवा मॅडमशी आधी चार-पाच पेपर अदलाबदल करून बघा, मार्क पेन्सिलीने आणि वेगळ्या कागदावर. फरक निघतो तो बहुतेक 'नाही'वाल्या उत्तरांवरच निघतो, आणि पालक वर्कशीट घेऊन येतात तेही त्याच उत्तरांसाठी. मी आता अशा उत्तराशेजारी शून्याबरोबर 'मग का दिसत नाही?' एवढं लिहितो आणि पोराला तिथेच खाली उत्तर लिहून आणायला सांगतो. मार्क वाढवत नाही.