जेवणाचे ताट आधी, इन्सुलिन नंतर

वॉर्डात साखर घसरते ती बहुतेकदा इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ चुकल्याने. रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासात सुरू होते, 2 ते 4 तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि 6 ते 8 तास टिकते. लिस्प्रो, अस्पार्ट 15 मिनिटांत सुरू होतात, तासा-दोन तासांत जोरात येतात, 3 ते 5 तासांत ओसरतात. ग्लार्जिनला ठळक शिखर नसते. ते साधारण 24 तास चालते.

समजा, 7:30 ला रेग्युलर दिले आणि 8 वाजता रुग्णाला तपासणीसाठी उपाशी ठेवले. धोका 9:30 ते 11:30 चा, म्हणजे नेमका तो वॉर्डाबाहेर असताना. म्हणून सुई टोचण्याआधी विचारा: आज उपाशी ठेवायचे आहे का? असेल तर जेवणाचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवा. ग्लार्जिन मात्र स्वतःहून बंद करू नका, टाइप 1 मध्ये तर मुळीच नाही.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले की लगेच साखर तपासा. 70 च्या खाली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडातून थेंबही नको. डॉक्टरांना बोलावून शिरेतून डेक्स्ट्रोज.