साहेब लेकीच्या वयाच्या असतात तेव्हा

मला तलाठ्याचा मंडळ अधिकारी व्हायला एकवीस वर्षं लागली. मॅडम एमपीएससीतून थेट तहसीलदार झाल्या आणि मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याला आल्या, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या, मी ५२ चा. पहिल्याच दिवशी कोणीतरी कानाशी म्हणालं, "सर्कल साहेब, तुमच्या लेकीच्या वयाच्या आहेत की हो." ते वाक्य मी नको तितके दिवस मनात धरून बसलो.

सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात गेलं. मॅडमनी तीन दिवसांत पंचनामे मागितले, तेही शेतातल्या फोटोंसकट. माझ्या मंडळातली काळी रानं ओली असली की पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि दोन गावांची वाट ओढ्यानं तोडली होती. हे मला ठाऊक होतं. तरी बैठकीत "हो मॅडम" म्हणालो आणि बाहेर येऊन तलाठ्यांना म्हणालो, "बघू, कसं होतं ते." त्यांनी माझा सूर ओळखला. चौथ्या दिवशी त्या दोन गावांची यादी कोरीच होती आणि शेतकरी तहसीलच्या दारात उभे होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "अडचण त्याच दिवशी सांगितली असती, तर मी माणसं वाढवली असती."

तोंडावर होकार आणि पाठीमागं ढिलाई, हाच माझा राग होता. त्याची किंमत शेतकऱ्यानं मोजली.

पुढच्या पावसाला मी बैठकीच्या आधी त्यांच्या दालनात गेलो. हातात एकच कागद होता: कोणत्या गावाला वाट नाही, कोणत्या तलाठ्याकडे दोन सज्जे आहेत, नदीकाठची कोणती गावं आधी घ्यावीत. गावांचा क्रम त्यांनी लगेच बदलला. फोटोंवर मात्र हलल्या नाहीत. मला तो अविश्वास वाटत होता, तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली, यावर मदत मिळायची की नाही ते ठरतं. उद्या तक्रार आली तर तलाठ्याच्या बाजूनं दाखवायला माझ्याकडे काय असेल?" हे मला पटलं. मग बाहेर येऊन तलाठ्यांना फोटोंचं कारण मीच सांगितलं, मॅडमचं नाव पुढं न करता.

तुमच्यावरही अशी वेळ आली असेल, तर विरोध दालनात करा, कागदासह, आदेश निघण्याआधी. एकदा ठरलं की कर्मचाऱ्यांपुढं तो आदेश आपलाच.

संबोधनाचंही सांगतो. एकदा बैठकीत मॅडम मला "काका" म्हणाल्या, आपुलकीनं. पण काका झालो की चूक सांगायला त्या कचरणार आणि मी रुसायला मोकळा होणार, असं मला वाटलं. नंतर एकट्यात म्हणालो, "मॅडम, कार्यालयात मला पदानंच हाक मारा." त्या जराशा ओशाळल्या, हसल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या अहवालातली बेरजेची चूक त्यांनी सगळ्यांसमोर दाखवली. मी ती तिथंच दुरुस्त करून सही केली.