१०० पैकी ५७ मिळाले, तरी नापास

फर्स्ट सेमचा रिझल्ट लागला तेव्हा एका विषयात माझे टोटल ५७ होते आणि पुढे F. मला वाटलं सिस्टीमची चूक आहे, कारण मागच्या बाकावरचा ४३ वाला त्याच विषयात पास होता. ऑफिसात जाऊन थोडा वाद पण घातला, तिथल्या मॅडमनी शांतपणे मार्कशीटवरच्या दोन वेगळ्या कॉलमवर पेन ठेवलं. इंटर्नल ३५, एक्स्टर्नल २२. आमच्याकडे इंटर्नल ४० चं, एक्स्टर्नल ६० चं आणि दोन्हीत वेगवेगळे ४० टक्के लागतात, म्हणजे इंटर्नलला १६ आणि लेखीला २४. मी लेखीत दोन मार्कांनी गेलो होतो. ४३ वाल्याचे १७ आणि २६ होते, तो दोन्हीकडे काठावर का होईना पण पास.

खरी गंमत म्हणजे मला नियम अर्धवटच माहीत होता, त्यामुळे गणित चुकीचं केलं होतं. पेपरच्या आधी मी हिशोब केला की ३५ तर खिशात आहेत, टोटल पासिंग ४०, म्हणजे लेखीत ५ मिळाले तरी चालतंय. मग तो विषय शेवटच्या दोन दिवसांवर ढकलला आणि सगळा वेळ दुसऱ्या अवघड विषयाला दिला. सेपरेट पासिंग असेल तिथे हा हिशोब करायचाच नाही. इंटर्नलला ४० पैकी ४० असले तरी लेखीतले २४ तुम्हालाच काढायचे असतात, जास्तीचे मार्क इकडून तिकडे जात नाहीत. काही कोर्सना वर अजून एक अट असते, की दोन्हीत ४० टक्के पण टोटल मात्र ५० हवं. तिथे १६ अधिक २४ केलं तर ४० च होतात, म्हणजे दोन्हीकडे पास होऊन पण विषय राहतो, त्यामुळे सिलॅबसच्या पहिल्या पानावरचं पासिंगचं कोष्टक एकदा नीट वाचा.

मी रिव्हॅल्युएशनला टाकलं, २२ चे २३ झाले 😑 आणि रिव्हॅल फक्त लेखी पेपरचं होतं बरं का, इंटर्नलचं नाही. ग्रेस पण मिळाला नाही, कारण आमच्या नियमात तो एकाच विषयात अडकलेल्याला होता आणि माझे दोन विषय राहिले होते.

तरी माझं सुटसुटीत होतं. इंटर्नलचे ३५ तसेच पुढे धरले गेले, पुढच्या वेळी फक्त लेखी दिली, ३१ पडले, विषय सुटला.

खरा त्रास रूममेटला झाला. त्याचे पण त्याच विषयात ५७ च, पण उलटे, लेखीत ४४ आणि इंटर्नल १३. आमचं इंटर्नल असं होतं की टेस्ट २० ची, असाइनमेंट १० ची, प्रेझेंटेशन १० चं. टेस्टच्या दिवशी हा तापाने झोपलेला, त्याला वाटलं एक टेस्ट गेली तर काय होतं. पण टेस्ट गेली की उरतात २०, आणि त्यातून १६ काढायचे म्हणजे ८० टक्के झाले, याचे ८ आणि ५ आले. लेखीला पुन्हा बसून उपयोग नव्हता, कारण तिथे तो पासच होता. त्याला पुढच्या बॅचबरोबर टेस्ट द्यावी लागली, असाइनमेंट नव्याने करावी लागली, आणि त्यासाठी त्या विषयाचा तास चालू होईपर्यंत थांबावं लागलं. ज्युनिअरांमध्ये बसून टेस्ट देणं, सरांच्या मागे सबमिशनसाठी फिरणं, आणि त्याच वेळी स्वतःच्या चालू सेमचा लोड. मेडिकल सर्टिफिकेट होतं त्याच्याकडे, पण ते त्याने रिझल्टनंतर दाखवलं. सर म्हणाले, अरे तेव्हाच आणलं असतंस तर चार जणांची री-टेस्ट घेतली होती तीत तुला बसवलं असतं, आता मार्क वर गेले, माझ्या हातात काही नाही.

म्हणून इंटर्नलची यादी बोर्डावर लागते आणि सही घेतात ना, तेव्हा नुसती सही ठोकू नका. आकडा बघा, प्रत्येक भाग वेगळा बघा. आमच्याच वर्गात एकीचे टेस्टचे १४ यादीत ४ पडले होते, तिने पेपर दाखवला, पाच मिनिटांत दुरुस्त झालं. टेस्टचे पेपर आणि असाइनमेंटवर सही झालेलं पान म्हणूनच जपून ठेवायचं. आणि यादीत शून्य आहे की AB, तेही बघा. टेस्टला बसून शून्य पडलं आणि बसलाच नाहीत, यात आमच्याकडे फरक होता, री-टेस्ट फक्त कारण दिलेल्या AB वाल्यांनाच मिळायची.

लेखीचं म्हणाल तर दुसऱ्या वेळी मी टोटल बघणंच सोडलं. ६० चा पेपर, १२ मार्कांचे पाच प्रश्न, २४ म्हणजे दोन प्रश्न पूर्ण बरोबर. पण पूर्ण १२ कोण देतं? मला प्रत्येकी ७-८ च्या आसपास पडायचे, म्हणजे २४ साठी निदान चार प्रश्न धड लिहायलाच हवेत. पहिल्या वेळी मी तीनच लिहून अर्धा तास आधी बाहेर पडलो होतो, कारण डोक्यात ते ३५ होते.